पाचशे ग्रॅमच्या आतलं दुकान

नाचणीची बिस्किटं हाताला जमली, सोसायटीतून "पुढच्या वेळी अर्धा किलो जास्त द्या" असे निरोप यायला लागले, की घरात कुणीतरी म्हणतंच, "ऑनलाइन टाक ना." हे बोलणारा बहुधा भाचा असतो किंवा धाकटी जाऊ. मग जेवणं होईपर्यंत घरात दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, अमेझॉन-फ्लिपकार्टवर टाका, गिऱ्हाईक तिथंच बसलंय. दुसरा म्हणतो, कमिशन कुणाला कशाला द्यायचं, आपली वेबसाइट काढा.

हे कमिशनचं भांडण आता बरंचसं शिळं झालंय. मीशोने २०२१ पासून विक्रेत्यांकडून कमिशन घेणं बंद केलं. अमेझॉनने एप्रिल २०२५ मध्ये ३०० रुपयांखालच्या बऱ्याच वस्तूंवरची रेफरल फी काढून टाकली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्लिपकार्टने १,००० रुपयांखालच्या मालाला कमिशन माफ केल्याचं जाहीर केलं. घरगुती बिस्किटांचं पाकीट यातल्या कुठल्या ना कुठल्या मर्यादेत बसतंच. तरीही त्या पाकिटावर पैसे सुटत नाहीत, अशी तक्रार नव्या विक्रेत्या करतात आणि ती खरी असते. पैसा जातो तो वजनात, फुटण्यात, परत येण्यात आणि जाहिरातीत. त्यामुळे दुकान निवडण्याआधी बिस्किटाकडे नीट बघावं लागतं.

एक उदाहरण धरून चालू. नाशिकच्या एक काकू आहेत असं समजा. घरी मोठा ओटीजी, सकाळच्या वेळेत निवांत चार किलो माल निघतो. नाचणी, कणीक, गूळ आणि साजूक तूप. पाकीट २०० ग्रॅमचं. त्यात साहित्य ५० रुपयांचं, कारण तूपच निम्म्याहून जास्त खातं. वीज ६ रुपये, झिपचं पाकीट आणि लेबल १२ रुपये, आणि काकूंनी स्वतःच्या वेळेचे २२ रुपये धरलेत. हा शेवटचा आकडा बायका हमखास सोडून देतात. काकूंनी धरलाय हे बरं केलं. झाले ९० रुपये. किंमत ठेवली १८०. दुप्पट! कागदावर झकास.

आता हे एक पाकीट बाजारमंचावरून पुण्याला पाठवू. खालचे दर ढोबळ आहेत, प्रत्येक मंचाचं दरपत्रक वेगळं असतं आणि बदलतं, पण प्रमाण साधारण असंच राहतं. कमिशन शून्य धरलं. मंच प्रत्येक ऑर्डरीमागे एक ठरावीक फी घेतो, ती १० रुपये. पोचवण्याचे ६०. या दोन्ही फींवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेबारा रुपये. खोका आणि आतली भर १२ रुपये. १८० मधून हे सगळं वजा केलं की काकूंच्या हातात साधारण ८५ रुपये येतात, आणि पाकीट तर ९० ला पडलंय. कमिशन नसतानाही प्रत्येक पाकिटामागे पाच रुपये खिशातून.

हेच पाकीट स्वतःच्या वेबसाइटवरून पाठवलं तरी फार वेगळं घडत नाही. कुरिअर ७५ च्या घरात पडतं, कारण मंचाला मिळणारा घाऊक दर आपल्याला मिळत नाही. ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा दोन टक्के आणि त्यावर जीएसटी घेते. उरतात ८९. एकूण काय, एक पाकीट एकटं कुरिअरने जाण्याच्या लायकीचंच नाही. ते कट्ट्यावर, जत्रेत, शेजारच्या वाण्याकडे विकण्याचं पाकीट आहे.

मग दोन पाकिटांची जोडी करू. इथं एक गंमत होते आणि ती नीट बघण्यासारखी आहे. कुरिअरचा दर ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो. २०० ग्रॅमची दोन पाकिटं म्हणजे ४०० ग्रॅम बिस्किटं. रिकामी पाकिटं २४ ग्रॅम, पुठ्ठ्याचा खोका ७५, आतला चुरगाळलेला कागद १५. बेरीज ५१४. चौदा ग्रॅमसाठी पार्सल एक किलोच्या टप्प्यात जातं आणि वीस-तीस रुपये उगाच वाढतात. काकूंनी पाकीट १८० ग्रॅमचं केलं, तर तेच पार्सल ४७४ ग्रॅमवर थांबतं. पाकिटाचं वजन किती ठेवायचं हे आपण कपाटातला डबा किंवा सवयीचा पाव किलो बघून ठरवतो. ऑनलाइन विकायचं तर ते कुरिअरच्या काट्यावरून मागे मोजत यायचं.

काट्याबरोबर फूटपट्टीही लागते. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून तिन्हींचा गुणाकार करतात आणि बहुतेक जण त्याला ५,००० ने भागतात. येतं ते किलोतलं आकारवजन. खरं वजन आणि हे आकारवजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. २० × १५ × ८ चा खोका ४८० ग्रॅम धरला जातो, म्हणजे टप्प्याच्या आत. पण बिस्किटं फुटू नयेत म्हणून काकूंनी प्रेमाने २२ × १६ × १२ चा खोका घेतला आणि भरपूर बबलरॅप कोंबला, तर तो ८४५ ग्रॅमचा ठरतो. आत हवा जास्त आणि पैसे किलोचे.

१८० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १६५ ठेवू, जोडी ३३० ला. दोन पाकिटांचा खर्च १६४, खोका १२. विक्रीचा खर्च वजा होण्याआधी हातात १५४ राहतात. बाजारमंचावर फी, पोच आणि त्यावरचा कर मिळून ८८-८९ जातात, उरतात ६५. स्वतःच्या दुकानात कुरिअर आणि पैसे घेण्याची सेवा मिळून ८३, उरतात ७१. बघा, पहिल्या ऑर्डरीला दोन्ही दुकानं जवळजवळ सारखीच निघाली.

फरक पडतो तो चौथ्या ऑर्डरीला.

बिस्किटं ही साडीसारखी वर्षाने घ्यायची वस्तू नाही. आवडली तर दोन-तीन आठवड्यांत संपतात आणि पुन्हा लागतात. या धंद्याचं पोट परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर भरतं. बाजारमंचावर घेणाऱ्याचा फोन नंबर आपल्याला वापरता येत नाही, आणि खोक्यात "पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या" अशी चिठ्ठी घालायला मनाई असते. महिन्याने त्या घरात पुन्हा नाचणीची बिस्किटं हवी झाली की ती बाई शोधाच्या चौकटीत "नाचणी बिस्किट" असं लिहिते, आणि समोर पहिल्या रांगेत मोठ्या कंपन्यांची जाहिरात दिलेली पाकिटं येतात, काकूंच्या निम्म्या किमतीत. तिच्या नजरेस पडायचं तर काकूंनाही जाहिरात लावावी लागते. एका क्लिकचे चार रुपये आणि बारा क्लिकांमागे एक ऑर्डर असं धरलं, तर ४८ रुपये. उरलेल्या ६५ मधले १७ हातात. पहिल्या ऑर्डरीला हा खर्च मी समजू शकतो. अनोळखी माणसाला दुकान दाखवायचं तर काहीतरी लागणारच. पण जी आपली बिस्किटं एकदा खाऊन खूश झाली तिच्यासाठीही तोच खर्च पुन्हा करायचा, हे घरगुती धंद्याला परवडत नाही.

याचा अर्थ वेबसाइट काढली की झालं, असा अजिबात नाही. वेबसाइट म्हणजे आडगल्लीतलं दुकान. पाटी कितीही सुरेख असो, रस्त्याने कुणी जातच नाही. तिथं अनोळखी माणूस आणायचा तर इन्स्टाग्रामवर जाहिरात करावी लागते आणि ती मंचावरच्या जाहिरातीपेक्षा महाग पडते, कारण मंचावरचा माणूस खरेदीला आलेला असतो आणि इन्स्टाग्रामवरचा मांजरांचे व्हिडिओ बघायला. शिवाय दुकानाचं भाडं आहे. तयार दुकान देणाऱ्या सेवा महिन्याला दोन हजारांच्या आसपास घेतात. ऑर्डरीमागे ७१ रुपये सुटत असतील, तर नुसतं भाडं फिटायला महिन्याला २९ ऑर्डरी लागतात. पोच खर्चातले ५० रुपये गिऱ्हाइकाकडून घेतले तर १७ ऑर्डरींत भागतं. आधी ओळखीच्या, जत्रेत चव घेतलेल्या, नंबर दिलेल्या लोकांकडून महिन्याला तेवढ्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात का ते बघावं. तिथला कॅटलॉग फुकट असतो आणि यूपीआयचा क्यूआर पाठवला की पैसे पूर्ण येतात. मोजून वीस ऑर्डरी महिन्याला येऊ लागल्या, पत्ते लिहून घेताना चुका व्हायला लागल्या, "ताई, माझं पार्सल कुठवर आलं?" याची उत्तरं देण्यात दुपार जायला लागली, की मग वेबसाइट. तेव्हा ती डोकेदुखी कमी करते. त्याआधी ती नुसती हौस.

सीमेवरची अडचण

या धंद्यात सगळ्यात जास्त गोंधळ जीएसटीचा आहे. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याला दोन अपवाद आहेत आणि नवशिक्या गृहउद्योगाचा पाय नेमका तिथंच अडकतो.

पहिला अपवाद बाजारमंचाचा. पूर्वी मंचावरून एक पाकीट विकलं तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सूट मिळाली: मर्यादेखालच्या विक्रेत्याने फक्त आपल्या राज्यातच माल विकला, तर जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन साधा नावनोंदणी क्रमांक घेतला की चालतं. कायदा असा असला, तरी काही मंच हा क्रमांक घेतात आणि काही अजून पूर्ण जीएसटी क्रमांकच मागतात. खातं उघडण्याआधी हे विचारून घ्यावं, नाहीतर फोटो-बिटो सगळं चढवून झाल्यावर गाडी अडते.

दुसरा अपवाद जास्त फसवा आहे, कारण तो आपल्या स्वतःच्या वेबसाइटलाही लागू होतो. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकला, की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी लागते. बेळगावच्या मावसबहिणीच्या मैत्रिणीने एक जोडी मागवली, इंदूरच्या जुन्या शेजारणीने दोन, बडोद्याहून कुणी दिवाळीला शंकरपाळी मागितली. सगळी मराठीच घरं, पण कायद्याच्या लेखी सगळी परराज्यं. मराठी फराळाचं गिऱ्हाईक महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर भरपूर आहे, त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या येतोच.

नोंदणी नसेपर्यंत वेबसाइटवर पोचवण्याचा प्रदेश महाराष्ट्रापुरता ठेवावा लागतो. बरेच जण पिनकोडवरून गाळणी लावतात: ४० ते ४४ ने सुरू होणारे पिन म्हणजे महाराष्ट्र. त्यात एक खड्डा आहे. ४०३ ने सुरू होणारे पिन गोव्याचे. मुंबईचा ४००, ठाण्याचा ४०१, रायगडचा ४०२, आणि मध्येच पणजी-म्हापसा. तेवढा ४०३ वेगळा काढून ठेवायचा.

आता नोंदणी घेतलीच तर काय होतं? २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, केक आणि इतर बेकरी मालावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ वर आला. या एका बदलाने काकूंचं गणित पालटलं. ३३० च्या जोडीत आधी ५० रुपये कराचे असायचे, आता साधारण १६. आणि नोंदणी झाली की मंचाची फी, कुरिअर यांवर भरलेला १८ टक्के कर वजा मिळतो. वरच्या हिशेबात तो साडेतेरा रुपये होता. म्हणजे खिशातून जायचे दोन-तीन रुपये. कराचा बोजा जवळपास संपला, राहिलं ते कागदाचं काम: विवरणपत्रं वेळच्या वेळी भरायची, एकही ऑर्डर नसली तरी शून्याची भरायची, सीएला वर्षाचे काही हजार द्यायचे. शिवाय व्यवसायाचं ठिकाण म्हणून घराचा पत्ता द्यायचा, त्याला वीजबिल आणि घर दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर हा कागद मिळवणं कधी कधी सीए शोधण्यापेक्षा अवघड जातं, पण तो विषय निराळा.

माझं मत असं की राज्याबाहेरून महिन्याला दहा-बारा ऑर्डरी खरोखर नाकाराव्या लागत असतील तर नोंदणी घ्यावी. त्या आधी घेऊ नये.

खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक मात्र दोन्ही दुकानांत पहिल्या पाकिटापासून लागतो. लेबलवर तो क्रमांक, हिरवा ठिपका, घटक पदार्थ जास्तीकडून कमीकडे, गहू आणि दूध यांची ॲलर्जीची सूचना, बॅच, तयार केल्याची तारीख, किती दिवसांत खावं, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता. घरचा पत्ता आणि नंबर अनोळखी लोकांच्या हातात जातो, हे धरून चालायचं. निदान फोनसाठी वेगळं सिमकार्ड घ्यावं.

बिस्किटाचं आयुष्य

घरच्या बिस्किटाला वय असतं. साजूक तुपाला खवट वास येतो, गूळ हवेतला ओलावा ओढतो आणि बिस्किट मऊ पडतं. कोकणातल्या जुलैत हे आणखी लवकर होतं. किती दिवस टिकतं हे अंदाजाने लिहायचं नाही. एकाच घाण्याची दहा-बारा पाकिटं बंद करून ठेवावीत, दर आठवड्याला एक फोडावं आणि घरातल्या ज्या माणसाला तोंडावर खरं बोलायची सवय आहे त्याला द्यावं. तो ज्या आठवड्यात "काल केलीस का?" असं विचारायचं थांबतो, त्याच्या बराच आधीचा दिवस लेबलवर टाकायचा. मोठ्या प्रमाणावर जायचं असेल तर प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं.

समजा उत्तर आलं ६० दिवस. स्वतःच्या दुकानासाठी हे भरपूर झाले. सोमवारपर्यंत ऑर्डर घ्यायची, मंगळवारी भाजायचं, पूर्ण गार झाल्यावर भरायचं, बुधवारी कुरिअरला द्यायचं. शनिवारी गिऱ्हाइकाच्या हातात पाकीट पडतं तेव्हा ५६ दिवस शिल्लक असतात. मंचावर असं चालत नाही. तिथं ऑर्डर आली की एक-दोन दिवसांत माल निघायला हवा, उशीर झाला की खात्याचे गुण घटतात आणि आपला माल शोधात खाली जातो. म्हणजे माल आधी भाजून ठेवायला हवा. ऑर्डर येणार की नाही ठाऊक नसताना वीस जोड्या कपाटात. त्यात एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन मंचांना सांगितलं, की गिऱ्हाइकाच्या हाती पडताना खाद्यपदार्थाचं निदान ३० टक्के किंवा ४५ दिवसांचं आयुष्य शिल्लक असावं. मंचाने ४५ दिवसांची अट धरली, तर साठ दिवसांच्या बिस्किटाला भाजल्यापासून पोचेपर्यंत पंधराच दिवस मिळतात. मंचाच्या गोदामात माल ठेवून विकायचा विचार तर अशा बिस्किटाने सोडूनच द्यावा.

आणि फुटणं. पार्सल गाडीतून गाडीत फेकलं जातं, त्याच्यावर पिठाची पोती येतात. याची परीक्षा घरीच होते. खोका भरून चिकटपट्टी लावायची आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकायचा, एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. मग उघडून मोजायचं. नानखटाई कोपऱ्याच्या पडण्यात भुगा होते. खारीचं तर बोलायलाच नको. पातळ लाटलेली नाचणीची बिस्किटं उभी, एकमेकींना चिकटून भरली तर बरीचशी वाचतात. आडवी पसरली तर मधली तुटतात. भाजलेली शंकरपाळी मात्र कुठूनही टाका, तशीच राहते. मंचावर खाद्यपदार्थ सहसा परत घेत नाहीत, पण "फुटलेलं आलं" म्हणून फोटो पाठवला की पैसे परत जातात आणि खाली एक तारा देऊन कुणी "नुसता चुरा" असं लिहून ठेवतं. दहा परिचय असलेल्या नव्या मालाला असा एक शेरा महिनाभर पुरतो. स्वतःच्या दुकानात तीच बाई व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते, काकू म्हणतात, "अहो, पुढच्या पार्सलात एक पाकीट जास्त घालते," आणि तिथं मिटतं.

तिसरी गोष्ट माल हाती पडल्यावर पैसे देण्याची, म्हणजे सीओडीची. दारात कुणी नाही, फोन लागत नाही, किंवा मनच बदललं, की पार्सल उलटं फिरतं. कपडा परत आला तर इस्त्री करून पुन्हा विकता येतो. बिस्किटं पंधरा-वीस दिवसांनी गोदामांची हवा खाऊन परत आली, तर ती विकता येत नाहीत आणि विकूही नयेत. काकूंचे १७६ रुपये तिथंच गेले. स्वतःच्या दुकानात जायचं-यायचं कुरिअर धरलं तर ३२६, म्हणजे साडेचार चांगल्या ऑर्डरींची कमाई. स्वतःच्या दुकानात यावर उपाय सोपा आहे: सीओडी बंद. चार गिऱ्हाइकं कुरकुरतील, जातील, जाऊ द्यावीत. मंचावर हे बटण बहुधा आपल्या हातात नसतं.

एवढं सगळं बघितल्यावर काकूंच्या ताटातले पदार्थ आपोआप दोन बाजूंना जातात. नाचणीची बिस्किटं, साठ दिवसांचीच आणि ज्यांनी चव घेतली त्यांनाच त्यांच्या किमतीचं कारण कळणारी, ती स्वतःच्या दुकानात: आठवड्याला एक घाणा, आधी पैसे, महाराष्ट्रापुरती. भीमथडीसारख्या जत्रेत किंवा सोसायटीच्या प्रदर्शनात चव द्यायची, नंबर लिहून घ्यायचा, आणि त्या नंबरांना दर सोमवारी एकच निरोप. नानखटाई-खारी नाशिकच्या बाहेर न्यायचीच नाही. आणि भाजलेली शंकरपाळी, जी फुटत नाही, जास्त टिकते, आणि जिला अनोळखी माणूस नावाने शोधतो, ती मंचावर ठेवून बघायला हरकत नाही. सुरुवात एकाच वस्तूने करायची आणि तीही गणपतीच्या आधी, म्हणजे दिवाळीची गर्दी येईपर्यंत थोडे परिचय जमलेले असतात. दिवाळीच्याच आठवड्यात पहिल्यांदा मंचावर उतरणं म्हणजे कुरिअर तुंबलेलं, जाहिरातीचे दर चढलेले आणि आपण नवखे. शिवाय मंचाकडून पैसे आठवड्या-दोन आठवड्यांनी येतात, तुपाचे मात्र आजच द्यायचे असतात.

मंचावर जायचंच असेल तर नावाचीही तजवीज लागते. स्वतःच्या नावाखाली माल विकताना ट्रेडमार्क नसेल, तर मंचाच्या ब्रँड-नोंदणीचं संरक्षण मिळत नाही. बिस्किटं-फराळ वर्ग ३० मध्ये येतात आणि एकट्या माणसाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. अर्ज करण्याआधी नाव शोधून बघावं; "आजीची चव" छापाची नावं ढिगाने आहेत आणि त्यावरून नोटिसाही येतात.

पहिल्या महिन्याचे पैसे आले की मंचाचा ऑर्डरवार हिशेब उतरवून घ्यायचा आणि पोच खर्चाचा रकाना आधी बघायचा. सगळ्या ऑर्डरी ५०० ग्रॅमच्या टप्प्यात हव्यात. मध्येच एखादी किलोची दिसली, तर कुरिअरच्या केंद्रात खोका पुन्हा मोजला गेलाय आणि यंत्राने तो फुगलेला धरलाय. यावर तक्रार करता येते, पण ठरावीक दिवसांच्या आत आणि पुराव्यानिशी. म्हणून पार्सल देण्याआधी दोन फोटो काढून ठेवायचे: एक काट्यावरचा, ज्यात आकडा आणि ऑर्डरचं लेबल दोन्ही दिसतील, आणि एक खोक्याला टेप लावलेला. चिकटपट्टी लावताना खोक्याचं पोट वर आलेलं नाही ना, तेही हाताने दाबून बघायचं, कारण आठाचे नऊ सेंटिमीटर झाले की आकारवजन ५४० होतं आणि पाकीट १८० ग्रॅमचं केल्याचा सगळा फायदा त्या एका सेंटिमीटरमध्ये जातो.